मांडवाचा छापील भाव

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपली त्याच्या दुसऱ्या वर्षी मी साताऱ्यात माझ्या मांडवाच्या धंद्याचं दरपत्रक छापून घेतलं, आणि त्या कागदानं मला जवळजवळ सांगलीला परत धाडलं होतं. परत जाणं म्हणजे काय, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

सांगलीत एका मांडववाल्याकडे मी मिसरूड फुटायच्या आत कामाला लागलो. कनाती, जाजमं, लोड-तक्के, गॅसबत्त्या भाड्यानं द्यायच्या आणि मांडव उभा करून द्यायचा, हा त्यांचा धंदा. बांबू वाहण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी संस्थानातल्या मोठ्या लग्नांचे मांडव मी एकटा आखून उभे करत होतो. मालक चारचौघांत म्हणायचे, "माझ्यामागं हे दुकान हाच बघणार." मी तिशी ओलांडली, त्या वर्षी मालकांनी मुलीचं लग्न केलं आणि दुकानाच्या किल्ल्या जावयाच्या हातात दिल्या. जावयाला कनातीच्या दोरीची गाठ मारता येत नव्हती. मी गिऱ्हाइकांसमोर मालकांना काय ते ऐकवलं आणि बाहेर पडलो. इतक्या वर्षांचा हिशेब म्हणून मला फाटक्या कनातींच्या दोन गठड्या मिळाल्या. त्या मी घेतल्या. टाकून यायला माझा बाप सावकार नव्हता. पण गोष्ट विसरलो नाही, अजूनही विसरलेलो नाही, आणि ज्यांना वाटतं की माणसानं असलं मनात ठेवू नये, त्यांनी एकदा त्या गठड्या डोक्यावर घेऊन बाजारपेठेतून चालून बघावं.

साताऱ्याला आलो, कारण बायकोचं माहेर जवळ होतं आणि तिथं कापडी मांडव देणारं धड कुणी नव्हतं. एक वखार भाड्यानं घेतली. लढाई सरल्यावर पुण्याला लष्करी सामानाचे लिलाव निघाले, तिथून जुने तंबू स्वस्तात उचलले. कापड तेव्हा रेशनवर, नवं मिळायचं नाव नाही. बायकोनं ते तंबू उसवले, लाल रंगात बुडवले, हातमशीनवर झालरी लावल्या. खाकीवर चढलेला लाल रंग विटकरी दिसायचा; बत्तीच्या उजेडात मात्र खुलायचा.

तेव्हा भाव तोंडी असायचा. भावाची माझी स्वतःची पद्धत होती. गिऱ्हाईक वखारीत शिरलं की मी आधी त्याच्या पायांकडं बघायचो. वहाणा कसल्या, बैलगाडीनं आलाय की सर्व्हिस मोटारीनं, बरोबर मेव्हणा आहे का. मेव्हणा असला की भाव चढवून सांगायचा, कारण मेव्हणा आलेलाच असतो घासाघीस करून मिरवायला. त्याला तेवढं मिरवू दिलं की सौदा पक्का. मला त्यात मजा यायची. तासभर बोलून आम्ही दोघंही घाम पुसत हात मिळवायचो, यात मला वावगं कधी वाटलं नाही.

घोटाळा दोन ठिकाणी झाला. एक म्हणजे माझं डोकं. कुणी म्हणालं, "सांगलीत यापेक्षा स्वस्त मिळतंय," की माझ्या अंगाची आग व्हायची. "मग जा सांगलीला," म्हणून मी उठून उभा राहायचो, आणि माणूस खरंच जायचा. दुसरं म्हणजे एकाच गावच्या दोघांना मी एकाच महिन्यात वेगळा भाव लावला. दोघं तिसऱ्याच्या लग्नात एका पंगतीला बसले, गोष्टीत गोष्ट निघाली, आणि माझं नाव लबाड म्हणून वाऱ्यावर गेलं. पुढचा हंगाम तोंडावर आला तरी वखारीत विसाराचे आगाऊ पैसे घेऊन कुणी फिरकेना.

नेमका त्याच सुमारास सांगलीहून जावयाचा निरोप आला. माझं सामान तो विकत घेईल, आणि मला मुकादम म्हणून ठेवून घेईल. निरोप आणणारा त्यांचाच गाडीवान होता, माझ्या ओळखीचा.

"काय सांगू त्येस्नी?" त्यानं विचारलं.

"हंगाम सुरू होऊ दे. मग सांगतो."

"बघा बरं. उगं ताणू नगा. माणूस चांगला हाय तो."

"चांगला असंल. गाठ मारता येती का आता?"

गाडीवान हसला आणि तंबाखू मळत निघून गेला. मी हसलो नाही. हंगाम रिकामा गेला तर वखारीचं भाडं निघणार नव्हतं, आणि मग त्या जावयाच्या हाताखाली उभं राहणं एवढंच उरत होतं.

छापायची कल्पना बायकोची. ती दारात बसून झालर शिवत होती. म्हणाली, "आवं, तुमी भाव सांगता आन् भांडता. भाव कागदच सांगू दे की. कागद काय भांडणार हाय?"

मला ते पटलं. दवाखान्यात, शाळेत, मोटारस्टँडवर दरांचे फलक असतात. आपल्या धंद्यात कुणी ते केलं नव्हतं. छापील दर असला की दोन शेजाऱ्यांना दोन भाव लावल्याचा आरोप आपोआप मिटणार. मी चौथीपर्यंत शिकलेलो. पाटीवर यादी केली. एक खण, म्हणजे चार बांबूंमधली चौकोनी जागा, तिला वरचं छत. कनात हातावर, म्हणजे लांबी हातानं मोजून. जाजम नगावर. गॅसबत्ती रात्रीवर. दर्शनी कमान. खुर्ची डझनावर. प्रत्येकापुढं भाव मांडला. आणि मांडताना मी माझ्या अकलेनं एक गोष्ट केली, बायकोला न विचारता. प्रत्येक भावात घासाघिशीची जागा ठेवली. बत्तीचे बारा आणे मला परवडत होते. तिथं सव्वा रुपया लिहिला. गिऱ्हाईक खाली ओढणारच, ओढू दे, आपण बारा आण्याला थांबू. लहानपणापासून ज्या बाजारात वाढलो तिथं याहून वेगळं कुणी करतं हे मला माहीत नव्हतं.

छापखाना पेठेतच होता. मालक चष्मा कपाळावर चढवून बसलेले असायचे.

"दरपत्रक?" ते म्हणाले. "मांडवाचं? वर गणपतीचा ठसा टाकू?"

"टाका. छपाईचं काय घ्याल?"

त्यांनी आकडा सांगितला. मी निम्म्यावर आलो. ते म्हणाले कागदाचा दुष्काळ आहे; मी म्हणालो माझ्या गिऱ्हाइकांचापण. ते वर चढले, मी खाली ओढलं, चहा आला, शेवटी मध्ये कुठंतरी जमलं. उठताना ते म्हणाले, "तुम्ही दर छापून ठेवताय आणि माझा दर मात्र पाडताय, हे बरं आहे."

"तुम्ही पण छापा," मी म्हणालो.

"मी छापला असता तर तुम्ही चहा न पिताच गेला असता."

मी ते थट्टेवारी नेलं. छापखान्याच्या मालकानं मला त्या दिवशी फुकट शिकवलं होतं. मीच शिकलो नाही.

दरपत्रकं आली. छान आली. वखारीच्या दाराला एक चिकटवलं, बाकीची गिऱ्हाइकांना द्यायला ठेवली. हंगामाची विचारपूस सुरू झाली. मेढ्याकडचा एक शेतकरी आला, मी कागद पुढं केला. त्यानं बरोबरच्या पोराकडून वाचून घेतला, ऐकत मान हलवली, "बरं, सांगतो," म्हणाला आणि गेला. शाळेतले एक कारकून आले, त्यांनी स्वतःच वाचला, घडी घालून खिशात ठेवला, "कळवतो." एक कोष्टी आला, मुलीचं लग्न होतं, तो तर कागद परत देऊन हात जोडून गेला. कुणी भाव पाडला नाही. मेव्हणे घेऊन आलेले मेव्हण्यांसकट गप्प राहिले. मी घासायला तयार बसलेलो आणि समोर कुणी बोलतच नाही. मला वाटायचं, हे घरी जाऊन विचार करून येणार आणि मग बोलणार. आले नाहीत.

मग सुभेदार आले. कृष्णाकाठच्या एका गावचे, लढाईवरून पेन्शन घेऊन परतलेले, मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. थोरल्या मुलीचं लग्न काढलं होतं. त्या गावात घरटी एक माणूस पलटणीत. लढाईत अडलेली लग्नं आता एकामागून एक निघणार होती. सुभेदारांच्या दारात माझा मांडव उभा राहिला की पंचक्रोशीतले सगळे बघणार होते. तो एक मांडव मिळाला तर हंगाम माझा, हे मला कळत होतं.

सुभेदार वखारीत फिरले. एका कनातीची कड उलटून बघितली.

"तंबूचं कापड हाय हे," ते म्हणाले.

"हाय. पण आता लाल झालंय."

"आम्ही याच्याच खाली झोपलो चार वर्षं. पक्कं असतंय." कागद वाचला. डोळे वरून खाली गेले, परत वर आले. "बरं," ते म्हणाले. "रामराम." आणि गेले.

मी आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी सुभेदारांच्या गावचा एक माणूस पेठेत भेटला. म्हणाला, सुभेदार कापडी मांडव करणारच नाहीत, भावकी डहाळे आणून मांडव घालणार. गावाकडची ती रीतच. लग्नाच्या आदल्या दिवशी भावकीतली माणसं आंब्या-जांभळाचे डहाळे गाडीत घालून वाजतगाजत आणतात आणि मांडवावर पसरतात. त्याला पैसा पडत नाही. माझं डोकं फिरलं. सकाळची मोटार धरून मी त्या गावाला गेलो.

सुभेदार गोठ्यापुढं बैलाला पाणी दाखवत होते. मी रामराम घातला आणि सरळ विचारलं, "सुभेदारसाहेब, माझ्या वखारीतनं गेलात, एक शब्द बोलला नाहीत. जास्त वाटलं तर कमी करा म्हणायचं की."

"कमी? छापलेल्याला?"

"मग काय झालं. छापलं म्हणून काय देवानं लिहिलं? मी केलं असतं कमी."

सुभेदारांनी बादली खाली ठेवली. "किती केलं असतं?"

"बत्तीला बारा आणे."

"कागदावर सव्वा रुपया हाय."

"ते बोलायला ठेवलेलं."

"गड्या," सुभेदार म्हणाले, "आमच्या कँटीनमधी भिंतीवर रेट लावलेला असतो. तिथं कुणी भाव पाडायला लागलं तर बाकीचे हसत्यात. म्या वाचलं, मला परवडलं न्हाई, म्या आलो. तुमी बारा आण्याला देणार हुता, तर सव्वा रुपया कशाला छापलं? बाराच छापायचं. तुमचं जे तोंडात हाय ते कागदावर न्हाई, आन् कागदावर हाय ते तोंडात न्हाई."

बोलणं खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. मी म्हणालो, "तुम्ही पलटणीतली माणसं. बाजारात असं चालत नाही."

"मग बाजारात जावा. इथं कशाला आला?"

त्यांनी ते शांतपणे म्हटलं. मी निघालोच असतो. पण सांगलीच्या गाडीवानाचं तोंड डोळ्यांपुढं आलं, आणि मी तिथंच दगडावर बसलो. सुभेदारही बसले. त्यांच्या घरातून चहा आला.

चहा घेताना मी विचारलं, "भावकी डहाळे आणंल. बांबू?"

"बांबू आमच्याच बेटातलं."

"उजेड?"

"कंदील हायत गावात."

"पाव्हणे पलटणीतले. कंदिलाच्या उजेडात जेवतील?"

सुभेदारांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "चार बत्त्या लागतील. वराकडच्यांना बसायला जाजम. आन् पुढं कमान असती तर पोरीला बरं वाटलं असतं. पण तुमच्याकडं घ्यायचा तर एकदम सगळाच मांडव, असं ऐकलं. आमाला सगळा नको."

तिथं मला काहीतरी उलगडलं. माझ्या कागदात भाव सुटे होते, पण मी गिऱ्हाइकाला नेहमी सगळा मांडव एकरकमी गळ्यात घालत आलो होतो. ज्याच्याकडं बांबू आहेत, त्यालाही माझ्याच बांबूंचे पैसे. माणसाला काय हवं आणि त्याच्या घरी काय आहे, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी विचारायचो एवढंच की त्याच्याकडून किती निघेल.

"तीन दिवस थांबा," मी म्हणालो. "मी कागद आणतो. त्यावर जो आकडा असंल तोच माझ्या तोंडात असंल."

परत आल्यावर दुपारी वखारीत बायकोपुढं सगळं ओकलो. ती हसेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बारा आणे तरी कुठनं आणलं तुमी?"

"परवडतात."

"कुणी सांगितलं?"

कुणीच नव्हतं सांगितलं. सांगलीत मालक बारा आणे घ्यायचे, म्हणून मी बारा म्हणत होतो. आम्ही मग एकेक वस्तू समोर ठेवून बसलो. गॅसबत्ती विकत घेतली ती किंमत, ती किती हंगाम टिकेल, म्हणजे एका रात्रीला किती झिजली. मॅंटल, ती जाळीची पिशवी, बैलगाडीच्या एका धक्क्यानं राख होते. ती जवळपास प्रत्येक वेळी नवी. रॉकेल रेशनचं, जास्तीचं महाग. पंप मारायला रात्रभर एक माणूस, तो कितीही बत्त्या असल्या तरी एकच. मग दोन बत्त्यांना तो महाग पडतो आणि आठांना स्वस्त. हे मी आयुष्यभर डोळ्यांनी बघत आलो होतो, पण भावात धरलं नव्हतं. कनातीचं बायको सांगत गेली. कुठं फाटते, हळदीचा डाग कसा निघत नाही, परीट काय घेतो, किती धुण्यांनंतर रंग उतरतो.

"आन् पावसाळा?" ती म्हणाली.

"पावसाळ्याचं काय?"

"चार महिने कोण मांडव घालतंय? वखारीचं भाडं तर बारा महिने हाय."

मांडववाला भर हंगामातल्या कमाईवर वर्ष काढतो, आणि आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत उंदरांना कनाती कुरतडू न देणं एवढंच त्याचं काम. ते रिकाम्या दिवसांचं भाडंही प्रत्येक खणावर थोडं थोडं चढलं पाहिजे. चढवलं. वर आमचा नफा घातला. तो उगाच लपवायचा नाही असं ठरवलं. एका कार्याला सरासरी चार बत्त्या धरून बत्तीचा दर चौदा आण्यांवर आला. कनातीचा दर मात्र उतरला. लष्करी कापड स्वस्तात पडलं होतं. जाजम सांगलीच्याच भावावर राहिलं.

चौदा आणे म्हणजे सांगलीपेक्षा दोन आणे जास्त. मी बेरीज पुन्हा तपासली. बायको म्हणाली, "सांगलीवालं मॅंटल फुकट आणत असतील."

दुसरा कागद मी दोन भागांत केला. एक दरपत्रक, आधीसारखं, पण खरे आकडे, आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ: दरात फरक होणार नाही. दुसरा कोरा नमुना, प्रत्येक कामाला भरायचा. वर यजमानाचं नाव, गाव, कार्याची तिथी. मग रकाने. वस्तू, नग, किती दिवस, दर, रक्कम. त्याच्या शेजारी एक रकाना, जो मला सुभेदारांच्या गोठ्यापुढं सुचला: यजमानांचे स्वतःचे. ज्याच्याकडं बांबू आहेत त्यानं तिथं बांबू लिहावेत, माझे खोडावेत. खाली वाहतूक वेगळी, बैलगाडी असेल तर यजमानाची की माझी. उभारणी आणि उतरवणीची मजुरी वेगळी. मोडतोड झाली तर काय. कार्याच्या दिवशी जास्त सामान लागलं तर त्याच दरानं, पण यजमानाची सही घेऊन. विसार किती, बाकी कधी. आणि एक ओळ बायकोनं घालायला लावली: मुहूर्तमेढीला दर नाही. मुहूर्ताचा पहिला खांब घरचे लोक पूजा करून रोवतात. आमच्यापैकी काही मांडववाले तोही हिशेबात घेत आणि लोक मनातल्या मनात शाप देत.

छापखान्याचे मालक नमुना वाचून म्हणाले, "आता हा माणूस भाव पाडणार कसा?"

"भाव पाडायचा नाही. खण पाडायचे. बत्ती पाडायची. दर तोच."

"बोलून बोलून मजा घेणारा माणूस तुम्ही. तुम्हाला जमंल?"

"तुमचा दर सांगा," मी म्हणालो, आणि आमचं पुन्हा चहापर्यंत चाललं.

सुभेदारांपुढं पहिला नमुना मीच हातानं आखून नेला, छपाई व्हायची होती. ते पेन्सिल घेऊन बसले. बांबू त्यांचे. छत नको, डहाळे. कमान एक. बत्त्या चार. जाजम दोन. गाडी त्यांची. मजुरी निम्मी, कारण भावकी हाताशी. बेरीज खाली आली ती माझ्या पहिल्या दरांनी सगळ्या मांडवाचे जे झाले असते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. पण ती बेरीज खरी होती आणि तिच्यात माझा नफाही होता.

सुभेदारांचा धाकटा भाऊ शेजारी उभा होता. तो म्हणाला, "चौदा आणं बत्तीला? सांगलीत बाराला मिळत्यात."

मी उठलो. खरंच उठलो. सुभेदार माझ्याकडं बघत होते. मी परत बसलो आणि म्हणालो, "मिळत असतील. मॅंटल फुटलं तर तिथं वेगळं घेत्यात का, ते इचारून या. माझ्यात धरलंय."

भाऊ म्हणाला, "बारा करा की. एवढं काय."

"करत न्हाई. चारच्या तीन करा, पैसे वाचतील."

सुभेदारांनी भावाकडं न बघता पेन्सिल टेकवली. "चारच राहू द्या," ते म्हणाले, आणि सही केली. विसार दिला.

लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी वराकडचे अपेक्षेपेक्षा जास्त आले. भावानं धावत येऊन आणखी दोन बत्त्या मागितल्या. मी जादा घेऊन गेलोच होतो. मांडववाला नेहमी जातो. पूर्वी अशा वेळी मी मनाला येईल तो भाव लावला असता, कारण अडलेला माणूस देतो. तो लावावासा वाटलाही. कागद काढला, खालच्या ओळीत दोन बत्त्या, त्याच दरानं, लिहिल्या आणि सही मागितली. त्यानं कागद दोनदा वाचला. "तेवढंच?" म्हणाला. "तेवढंच." जांभळाच्या डहाळ्यांखाली माझी विटकरी कमान आणि सहा बत्त्या. डहाळ्यांच्या हिरव्यात ते कापड पहिल्यांदा मला लाल दिसलं.

त्या लग्नात किती लोकांनी सुभेदारांच्या खिशातला कागद मागून घेऊन वाचला, ते मला नंतर कळलं. पुढच्याच बाजारच्या दिवशी वखारीत तीन माणसं एकत्र आली, तिघं तीन गावचे. आता ते घासाघीस करायला लागले तर काय, म्हणून मी दारावरच्या कागदातल्या ठळक ओळीवर बोट ठेवून उभा राहिलो. एकानं विचारलं, "बांबू आमचं चालतील न्हवं?" दुसरा लगेच म्हणाला, "आन् गाडी बी?" तिसऱ्यानं बसकण मारून पेन्सिल मागितली. ते आपापसांतच बोलायला लागले, कोणाचं काय खोडायचं यावर, आणि मी नुसता बघत बसलो. मला वाटलं होतं, भाव छापला की बोलणं संपतं. ते नुसतं दुसरीकडं गेलं होतं.

हंगाम भरला. मोठा भरला असं नाही, पण वखारीचं भाडं निघालं, दोन हंगामी माणसं कायम झाली, आणि बायकोला दुसऱ्या शिवणयंत्राचं स्वप्न पडायला लागलं.

सांगलीला उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते मला गाडीवानाच्या हातानं द्यायचं नव्हतं. मी स्वतः गेलो. वाटेत मोटारीत काय काय बोलायचं ते सगळं जुळवलं, किल्ल्यांपासून गठड्यांपर्यंत. दुकानात जावई नव्हता, तो मिरजेला गेलेला. मालक एकटेच गादीवर होते. डोळ्यांनी कमी दिसायला लागलेलं. मला आवाजावरून ओळखलं.

"आलास?"

"उत्तर द्यायला आलो. येत नाही मी."

"ऐकलं मी," ते म्हणाले. "कसला कागद काढलायस म्हणे. बघू."

मी दिला. त्यांनी डोळ्यांजवळ धरून वाचला, रकान्यावर रकाना, बोट फिरवत. बत्तीच्या ओळीवर थांबले.

"चौदा? मी बारा घेतो."

"मॅंटलचे पैसे कोण भरतो तुमच्याकडं?"

त्यांनी कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. पुन्हा वाचलं. यजमानांचे स्वतःचे या रकान्यावर बराच वेळ रेंगाळले. मग म्हणाले, "हे बरं केलंस." एवढंच. किल्ल्यांचं काही नाही, गठड्यांचं काही नाही. मी जुळवलेलं सगळं तोंडात आलं होतं. म्हाताऱ्या माणसाला ते ऐकवून तिथलं काही परत मिळणार नव्हतं, आणि मोटारीलाही वेळ थोडा होता. मी पाया पडलो नाही. रामराम केला. कागद त्यांनी परत दिला नाही, मी मागितला नाही.

मोटार सुटायच्या आत सांगलीच्या बाजारातून मॅंटलं घ्यायची होती. साताऱ्याला ती महाग पडायची. दुकानदारानं डझनाचा भाव सांगितला. त्याच्या दुकानात दर कुठं लावलेले नव्हते. मी निम्म्यावर आलो, तो छातीला हात लावून मागं सरला, आणि आमचं चांगलं अर्धा तास चाललं.